डेंग्यूचा डास नालीतला नाही, ड्रममधला

"आमच्या घराजवळ नाली नाही, पाणी पण स्वच्छच भरतो, मग आम्हाला डेंग्यू कसा होईल?"

डेंग्यूचा डास, म्हणजे एडिस, जास्त करून साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंगापायावर पांढरे पट्टे असतात आणि चावतो जास्त करून दिवसा. मराठवाड्यात कित्येक ठिकाणी नळ आठ-आठ दिवसाला येतो, त्यामुळं ड्रम, रांजण, हौद भरून ठेवावेच लागतात, त्याला इलाज नाही, पण नुसती नाली फवारून भागत नाही.

गोम अशी की मादी अंडी घालते ती पाण्याच्या जरा वर, ड्रमच्या ओल्या कडेला, आणि ती कोरडी पडली तरी काही महिने टिकतात. समजा ड्रम रिकामा केला पण घासला नाही, नळ आल्यावर तसाच भरला, तर पाणी अंड्यांपर्यंत चढतं, अळ्या निघतात आणि आठ-दहा दिवसात डास तयार. म्हणून आठवड्यातून एकदा रिकामा करून आतल्या कडा काथ्यानं खसाखसा घासायच्या आणि भरल्यावर जुन्या धोतराच्या कापडानं तोंड घट्ट बांधायचं. कूलरमधलं उरलेलं पाणी पण काढा, ते सगळेच विसरतात.

अचानक जोराचा ताप, डोळ्यांमागं दुखणं, अंग ठणकणं असलं तर मनानं ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. आणि ताप उतरला म्हणून निवांत होऊ नका, खरा धोका तेव्हाच असतो: पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून रक्त, नुसतं पडून राहणं, यातलं काही दिसलं की लगेच दवाखाना.