कोंब आलेला कांदा ठेवा, मऊ कांदा चिरून पाहा

मे महिन्यात म्हापशाच्या बाजारातून आणलेली कांद्याची माळ जुलैपर्यंत पार बदलून जाते. काही कांद्यांतून हिरवे कोंब वर आलेले असतात, काहींच्या सालीखाली काजळी धरलेली असते, एखादा बोट लावताच आत दबतो. मग घरात वाद सुरू होतो. कोंब आलेला कांदा विषारी म्हणून फेकला जातो आणि दबणाऱ्या कांद्याचा खराब भाग काढून उरलेला फोडणीत जातो. खरं तर बहुतेक वेळा याच्या उलट करायला हवं.

कोंबाची भीती आपण बटाट्यावरून घेतली आहे. हिरवा पडलेल्या किंवा कोंब फुटलेल्या बटाट्यात सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यं वाढतात, हे खरं. पण बटाटा वांग्या-टोमॅटोच्या कुळातला. कांदा-लसूण त्या कुळातले नाहीत आणि कोंब फुटल्यावर त्यांच्यात असं विष तयार होत नाही. कांद्याचा कोंब म्हणजे कांद्याची पातच. तो चिरून भाजीत घालता येतो. लसणाचा हिरवा कोंब किंचित कडू आणि उग्र लागतो, म्हणून कच्च्या चटणीत नको वाटला तर काढावा. शिजवायच्या पदार्थात राहिला तरी काही बिघडत नाही.

मग कोंब आलेला कांदा मऊ का पडतो? असा एक कांदा शेंड्यापासून मुळांपर्यंत उभा चिरा. तळाशी मुळं फुटतात ती पातळ चकती दिसेल. कांद्याचं खरं खोड तेवढंच. त्यावरचे जाड पापुद्रे म्हणजे पानांचे फुगलेले बुडखे, आणि त्यांत साखर व पाणी साठवलेलं असतं. काढणीनंतर कांदा काही आठवडे सुप्तावस्थेत असतो. ती संपली की मधला अंकुर या साठ्यावर वाढू लागतो. पापुद्रे आतून रिकामे होतात, सैल पडतात, पातळ होतात. असा कांदा सगळीकडून सारखाच मऊ लागतो. त्याला वास कांद्याचाच येतो, रंग बदललेला नसतो आणि चिरताना चिकट पाणी सुटत नाही. तो खायला चालतो, फक्त गोडवा कमी आणि गर थोडा. कोंब बोटभर असतानाच वापरला तर बरं, कारण कोंब जितका लांब तितका कांदा पोकळ.

दुसरा मऊपणा अगदी वेगळा, आणि गोव्याच्या पावसात जास्त दिसणारा तोच. तो बहुतेकदा मानेपासून सुरू होतो. कांदा काढल्यावर पात सुकते तशी मान आवळून बंद होते. ती अर्धी ओली राहिली तर जिवाणूंना आत जायला वाट मिळते. पात वाळवून वळलेली माळ टिकते त्याचं मोठं कारण हेच, की पातीबरोबर मान नीट सुकलेली असते. घेतानाच मान दाबून पाहा. ती जाड आणि ओलसर लागली तर ती माळ पावसाळ्यासाठी घेऊ नये.

असा मानेपाशी दबणारा कांदा उभा चिरला की गंमत दिसते. बाहेरचे दोन पापुद्रे कडक आणि पांढरेशुभ्र, तिसरा तपकिरी, पाणचट, बुळबुळीत, आणि त्याच्या आतले पुन्हा चांगले. प्रत्येक पापुद्रा मानेपर्यंत स्वतंत्र पोचतो, त्यामुळे जिवाणू ज्या पापुद्र्यात शिरले त्यातूनच खाली उतरतात. वास आंबूस येतो, कधी थेट व्हिनेगरसारखा. या सडण्यामागे अनेकदा बुर्खोल्डेरिया सेपेशिया हा जिवाणू असतो. कॉर्नेलचे वनस्पतिरोगतज्ज्ञ वॉल्टर बर्कहोल्डर यांनी 1950 मध्ये त्याचं वर्णन केलं, ते आंबूस सडणाऱ्या कांद्यांवरूनच. धडधाकट माणसाला सहसा त्याचा त्रास होत नाही, पण फुप्फुसांचे जुने आजार किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना तो घातक ठरू शकतो. शिवाय सडक्या भागात तो एकटा कधीच नसतो. म्हणून मधला एक पापुद्राही बुळबुळीत निघाला तर अख्खा कांदा टाकावा. चांगले पापुद्रे वेचून काढण्याची काटकसर इथे कामाची नाही. त्यांना तो वास लागलेला असतोच आणि शिजवूनही तो जात नाही.

काजळीचं प्रकरण या दोहोंच्या मधलं. ही अ‍ॅस्परजिलस नायजर नावाची बुरशी, हिला आपल्यासारखी उबदार, दमट हवा मानवते. काळी भुकटी फक्त सुक्या सालीवर आणि पहिल्या पापुद्र्याच्या वरच्या बाजूला असेल तर साल आणि तो पापुद्रा काढून, उरलेला कांदा वाहत्या पाण्याखाली धुऊन वापरता येतो. काळेपणा आतल्या पापुद्र्यांत उतरला असेल किंवा कांदा तिथे मऊ झाला असेल, तर टाकावा. या बुरशीचे काही प्रकार असं विष तयार करतात की ते शिजवूनही नष्ट होत नाही. दमेकऱ्यांनी अशी सालं झटकू नयेत.

आता ठेवायचं कुठे? कांद्याला कोंब सर्वांत लवकर येतात ते साधारण 10 ते 20 अंश सेल्सिअसला. शून्याच्या आसपास ते थांबतात, आणि 25 ते 30 अंशांतही मंदावतात. चुलीवर माळ टांगणाऱ्यांनी तापमापक पाहिला नव्हता, पण तिथल्या उबेत कोंब मंदावत आणि धुराच्या कोरडेपणात मान ओलावत नसे, अशी दोन कामं एकदम होत. आज चूल नाही. स्वयंपाकघराचं तापमान पावसाळ्यातही त्या वरच्या टप्प्यातच असतं, त्यामुळे आपली अडचण उष्णतेची कमी, ओलाव्याची जास्त आहे. माळ भिंतीला टेकू न देता वारा खेळेल अशी टांगावी. सुटे कांदे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं म्हणजे सडायला आमंत्रण.

लसूण मात्र फ्रिजमध्ये अख्ख्या गड्ड्याने ठेवू नये. थंड प्रदेशात तो हिवाळा मातीत काढतो आणि ती थंडी हीच त्याला जागं होण्याची खूण असते. फ्रिजची 5 ते 10 अंशांची थंडी त्याला तशीच वाटते, आणि बाहेर काढल्यावर पाकळ्या भराभर कोंब काढतात. अशा थंडीत राहिलेल्या लसणाची आणखी एक गंमत आहे. व्हिनेगर घालून तो वाटला किंवा लोणच्यात घातला तर कधी निळा-हिरवा पडतो. रेशादच्या मसाल्यात लाल मिरचीमुळे ते दिसत नाही, पण नुसत्या लसणाच्या लोणच्यात दिसतं आणि बरणी फेकली जाते. थंडीत लसणातलं एक गंधकयुक्त द्रव्य वाढलेलं असतं, आम्लात त्याचा रंग बनतो. तो निरुपद्रवी आहे. पाकळीवर लव असलेली निळसर भुकटी दिसली तर ती मात्र बुरशी, ती पाकळी टाकावी.

माळेत एक कांदा सडलेला सापडला की त्याच्या खाली लटकणारे कांदेही तपासा. सडक्या कांद्याचं पाणी खालच्यांच्या मानेवर टपकतं. ते लगेच पुसून, वाळवून आधी वापरायला काढावेत.