कोजागरीचा चंद्र पीडीएफमध्ये काळा का पडतो

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीची कोजागरीची नोटीस मी घरी वर्डमध्ये केली, वर पिवळाधमक चंद्र आणि दुधाचा ग्लास, दोन्ही इमोजी. पीडीएफ केली तर चंद्राची नुसती काळी रेघ उरली. म्हटलं मूळ फाइलच देऊ, तर नौपाड्यातल्या झेरॉक्सवाल्याच्या जुनाट कॉम्प्युटरवर चंद्र काळाच, आणि ग्लासच्या जागी रिकामा चौकोन. "दादा, शाईचा प्रॉब्लेम नाही हा," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

कारण फाइलमध्ये चंद्राचं चित्र नसतंच, असतो फक्त त्याचा नंबर. वर्डमध्ये इमोजीच्या लगेच पुढे कर्सर ठेवून Alt+X दाबा, चंद्राचा 1F315 दिसेल, ग्लासचा 1F95B. त्या नंबराचं चित्र काढायचं काम फॉन्टचं. हे नंबर युनिकोड नावाच्या यादीत ठरतात, चंद्र तिच्या 2010 च्या आवृत्तीत आला, ग्लास 2016 च्या, म्हणून जुन्या मशीनच्या फॉन्टला चंद्र माहीत, ग्लास कोण हे ठाऊकच नाही, मग तो चौकोन काढून मोकळा होतो.

आता रंग का जातो? विंडोजमधला Segoe UI Emoji हा फॉन्ट रंगीत चित्र रांगोळीसारखं भरतो, म्हणजे एकावर एक आकार ठेवतो आणि प्रत्येकाला वेगळा रंग, हे आकार कोणते नि रंग कुठले याचे तक्ते फॉन्टच्याच आत असतात. पण त्यात प्रत्येक इमोजीचा एक साधा एकरंगी आकारही असतो, ज्या प्रोग्रामला ते तक्ते वाचता येत नाहीत त्याच्यासाठी. आणि पीडीएफमध्ये नेहमीच्या फॉन्टचं अक्षर म्हणजे एक आकार नि तो भरायला एकच रंग, थरांचे तक्ते तिला कळत नाहीत. त्यामुळे पीडीएफ बनवणाऱ्याने थर वेगळे करून काढले नाहीत तर तो साधा आकारच आत जातो, नि अक्षरांच्या रंगात उमटतो.

याची गंमत बघायची तर वर्डमध्ये चंद्र सिलेक्ट करून फॉन्टचा रंग लाल करा. स्क्रीनवर पिवळाच राहिला पण पीडीएफमध्ये लाल रेघ आली, तर चोर सापडला! पीडीएफमध्ये रंगीत दिसतोय आणि कागदावरच काळा येतोय, तर मात्र प्रिंटरचं ब्लॅक अँड व्हाइट सेटिंग बघा, फॉन्टला दोष देऊ नका.

मी शेवटी इमोजीचं चित्रच करून टाकलं. चंद्राचा फॉन्ट साइज 200 केला, Win+Shift+S ने कापला, तोच चित्र म्हणून पेस्ट केला आणि मग लहान केला. आधी मोठा करणं महत्त्वाचं, कारण 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके छापताना, 2 सेंटीमीटरच्या चंद्राला साधारण 240 पिक्सेल लागतात, छोटाच कापून ताणला तर कडा फाटतात. ग्लासचंही तसंच केलं. झेरॉक्सवाल्याकडे दोन्ही रंगीत आले, फक्त चित्र झाल्यामुळे आता ते ओळीतल्या अक्षरांबरोबर मोठे-लहान होत नाहीत, मजकूर बदलला की हाताने सरकवावे लागतात.