रस्त्याकडची भिंत आडोसा म्हणून ठेवू नका

२८ ऑगस्ट २०२२ रोजी नोएडात सुमारे १०० मीटर उंचीचे जुळे मनोरे ३,७०० किलो स्फोटकं वापरून नऊएक सेकंदांत खाली बसवले. तो व्हिडिओ घराघरात पोहोचला आणि तेव्हापासून पाडकामाचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, गिरगाव-काळबादेवीच्या मोडकळीला आलेल्या चाळी अशाच का नाही पाडत? उत्तर सरळ आहे. त्या मनोऱ्यांना काँक्रीटचे, माहितीतले खांब होते. आपल्या चाळीत सागवानी तुळया, चुन्यातल्या विटा आणि शेजारच्या घराशी सामायिक भिंत असते. कुठला भाग कुणाच्या आधारावर उभा आहे ते वरून कळत नाही आणि समोर बस चालू असते. अशी इमारत हातानं, वरून खाली, बांधली त्याच्या उलट क्रमानं उतरवावी लागते. पाडकामाच्या सुरक्षेचं भारतीय मानक आयएस ४१३० यालाच धरून आहे. कंत्राटदारानं द्यायच्या मेथड स्टेटमेंटमध्ये हाच क्रम पायरीपायरीनं लिहिलेला असतो.

या क्रमात एक चूक फार जणांना चूक वाटतच नाही. आधी आतले मजले काढून घ्यायचे, रस्त्याकडची भिंत शेवटपर्यंत तशीच ठेवायची, म्हणजे धूळ आणि विटा बाहेर येणार नाहीत. ऐकायला पटतं. पण त्या आडोशानंच माणसं मरू शकतात, म्हणून इथे थोडा हिशेब करू.

तळमजला अधिक दोन मजल्यांची एक इमारत घ्या. मजल्याची उंची साडेतीन मीटर, भिंत चौदा इंची, म्हणजे साधारण ३५ सेंटीमीटर जाड. ही भिंत एकटी उभी नाही. दर साडेतीन मीटरवर मजल्याच्या तुळयांनी तिला आत धरून ठेवलंय. जुन्या चुन्याला ताण जवळजवळ सोसत नाही, त्यामुळे सुटी भिंत फक्त स्वतःच्या वजनावर तग धरते. वारा तिला ढकलतो, वजन तिला तळाच्या कडेवर परत बसवायला बघतं. एका मजल्याइतकी सुटी भिंत दर चौरस मीटरला सुमारे ६३ किलोचा रेटा सोसते, म्हणजे ताशी ११५ किलोमीटरचा वारा. आतले सगळे मजले काढले की सुटी उंची साडेदहा मीटर होते आणि सोसण्याची ताकद तिसऱ्या हिश्श्यावर येते: २१ किलो, ताशी ६७ किलोमीटर.

हे झालं ओळंब्यात असलेल्या भिंतीचं. आपली भिंत खचलेल्या इमारतीची आहे. ती माथ्याला १५ सेंटीमीटर बाहेर झुकलेली असेल तर वजनाचा मध्य साडेसात सेंटीमीटर रस्त्याकडे सरकतो, आधाराला साडेसतराऐवजी दहाच सेंटीमीटर उरतात आणि रेट्याची मर्यादा १२ किलोवर उतरते. ताशी ५० किलोमीटरचा झोत पुरे. वळवाच्या पावसाआधी मुंबईत असा वारा सुटतो. सांधे झिजलेले असतात, भिंतीला तडे असतात, म्हणून प्रत्यक्षात भिंत याहूनही आधी जाते.

म्हणून भिंत मजल्याबरोबरच खाली आली पाहिजे. कामगार ज्या मजल्यावर उभे आहेत त्याच्या वर मीटरभरापेक्षा जास्त सुटी भिंत ठेवायची नाही. विटा थरांनी सोडवून आत घ्यायच्या आणि भिंत उतरल्यावरच त्या मजल्याच्या तुळया काढायच्या. तुळई खेचून काढायची नाही. तिचं टोक भिंतीच्या खोबणीत असतं, खेचताना ती पहारीसारखी भिंत उचकटते. भिंतीलगत करवतीनं कापून आतला तुकडा दोरानं उतरवायचा. गॅलरी आणि कॉर्निस मात्र वरच्या भिंतीच्या आधी काढायची. गॅलरीला खालून पेलणाऱ्या दगडी तोड्याची शेपटी वरच्या भिंतीच्या वजनाखाली दाबलेली असते. ते वजन काढलंत की तोडा गॅलरीसकट रस्त्यावर येतो.

आत घेतलेल्या विटांचाही भार असतो. फुटभर उंचीचा डबराचा ढीग दर चौरस मीटरला साधारण ४५० किलो भरतो. राहत्या खोलीचा मजला सुमारे २०० किलोच्या हिशेबानं धरतात, आणि इथे तुळयांची टोकं गळतीनं कुजलेली. दहा बाय बाराच्या खोलीत फुटभर ढीग म्हणजे पाच टन. त्यामुळे डबर साठू न देता नळीतून खाली सोडायचं आणि खालच्या मजल्यांना तळापर्यंत टेकू द्यायचे. अनेक अपघातांत आधी मजला जातो आणि मग भिंत त्याच्यामागे जाते.

आता रस्ता. साडेदहा मीटरची भिंत सपाट पडली तर साडेदहा मीटर पोचते आणि विटा त्याच्याही पुढे उडतात. बारा मीटरच्या गल्लीत याचा अर्थ अख्खा रस्ता. तो महिनाभर बंद ठेवता येत नाही. म्हणून धोक्याचं अंतर दिवसाच्या कामावरून ठरवतात. आतल्या खोल्यांचं काम चालू असताना पदपथ आणि एक मार्गिका बंद, पादचाऱ्यांना छप्पर असलेला मार्ग. गॅलरी, कॉर्निस आणि दर्शनी भिंत उतरवायची त्या दिवशी पोलिसांच्या परवानगीनं रस्ता पूर्ण बंद, बहुधा रविवारी सकाळी. हा दिवस रहदारी आणि हवामान बघून ठरवावा. पंचांगातला मुहूर्त वाऱ्याला थांबवत नाही.

बाहेरच्या परांचीला जाळी लावतातच. पण जाळी शिडासारखी वारा पकडते. परांची दर्शनी भिंतीलाच बांधली तर तो रेटा नेमका दुबळ्या भिंतीवर जातो. तिची बांधणी दर्शनी भिंतीशी काटकोनात असलेल्या आतल्या भिंतींना किंवा आतल्या मजल्याला हवी, आणि मजला उतरेल तशी परांचीही उतरायला हवी.

धुळीसाठी हल्ली अँटी-स्मॉग गनचे फोटो झळकतात. दूरवर फवारा मारणाऱ्या यंत्राला मी नाव ठेवत नाही, पण उडालेली धूळ पकडणं किती अवघड आहे ते बघा. दहा मायक्रॉनचा वाळूचा कण दहा मीटर खाली यायला स्थिर हवेत वीसेक मिनिटं घेतो. तेवढ्यात सेकंदाला दोन मीटरची झुळूक त्याला दोन किलोमीटरपलीकडे नेते. मोठा थेंब जवळ आला की हवा त्याच्या बाजूनं वळते आणि बारीक कणही तिच्यासोबत वळून निसटतो. म्हणून धूळ उडण्याआधीच अडवायची. वीट काढायच्या पाच मिनिटं आधी बारीक फवाऱ्यानं भिंत ओली करायची, नळीच्या तोंडाशी आणि ट्रक भरताना फवारा, नळीला खाली गोणपाटाची झालर. पण पाण्याच्या पाइपनं धो-धो पाणी मारायचं नाही. वीट वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत पाणी पिऊ शकते, डबर जड होतं आणि मातीमिश्रित चुना मऊ पडतो. जमिनीवर ओघळ दिसला की पाणी जास्त झालं.

भिंत हलतेय का हे सांगायला दोन साध्या वस्तू पुरतात. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी त्याच खुणेवर ओळंबा धरायचा आणि अंतर वहीत लिहायचं. तड्यावर प्लास्टरनं काचेची पट्टी चिकटवून तारीख घालायची. काच तडकली किंवा ओळंब्यात ५ मिलिमीटरचा फरक दिसला तर सगळे खाली, रस्ता बंद, आधी टेकू. मुकादमाला हे करायला वरिष्ठांचा फोन लागू नये, तसं कागदावरच लिहिलेलं असावं.

शेवटी सामायिक भिंत उरते. ती शेजाऱ्याची असते, पाडायची नसते. तुळयांची कापलेली टोकं काढून खोबण्या विटांनी भरायच्या, काढलेल्या मजल्यांच्या पातळीवर तिला तिरपे टेकू द्यायचे, आणि पाऊस येण्याआधी या बाजूनं गिलावा करायचा. शंभर वर्षांत तिच्या त्या अंगाला पाणी कधी लागलेलं नसतं.