बाभळीचे नाव ऑस्ट्रेलियाला कसे गेले

सोलापूरहून नान्नजकडे निघाले की बांधाबांधावर बाभूळ दिसते. पांढरे जोडकाटे, पिवळे गोंडे, मण्यांच्या माळेसारख्या शेंगा. आमच्या पिढीने तिचे शास्त्रीय नाव अकेशिया निलोटिका असे पाठ केले. आज ती व्हॅचेलिया निलोटिका आहे. झाडात काडीचाही बदल झाला नाही, मग नाव का बदलले? याचे उत्तर नव्या जातीचे नाव ठेवण्याच्या एका नियमात आहे. माळरानावर नवे काही सापडल्याची आशा असलेल्या प्रत्येकाने तो नियम आधी समजून घ्यावा.

वनस्पतींची नावे लिनियसच्या 1753 सालच्या ग्रंथापासून मोजतात, तर कीटकांसह प्राण्यांची 1758 पासून. दोन्हींच्या नियमावल्या वेगळ्या आहेत. नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा, आडनावासारखा, आणि दुसरा त्या जातीचा. लिनियसने बाभळीला मिमोसा निलोटिका म्हटले होते, निलोटिका म्हणजे नाईलकाठची. पुढे ती अकेशियात गेली, पण निलोटिका हा शब्द तसाच राहिला, कारण आधी दिलेल्या नावाचा मान आधी.

मात्र एखादे नाव नेमके कोणत्या झाडाचे, हे वर्णनावरून ठरवताना वाद होत. शब्द ताणले की दोन झाडांना एकच वर्णन लागू पडते. म्हणून विसाव्या शतकात वनस्पतिशास्त्राने टाइपची पद्धत स्वीकारली. नाव वर्णनाला नव्हे, तर जपून ठेवलेल्या एका नमुन्याला बांधलेले असते. 1 जानेवारी 1958 पासून नव्या वनस्पतीसाठी टाइप सांगणे सक्तीचे झाले, आणि 1990 पासून तो कुठल्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ठेवला आहे हेही लिहावे लागते. आपल्या भागातला नमुना बहुधा पुण्याला, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात जमा होतो.

नवखे इथेच चुकतात. समजा, ऑगस्टमध्ये नान्नजच्या माळावर एक वेगळे रोपटे फुललेले दिसले. फांदी दाबून, वाळवून कागदावर चिकटवली. नोव्हेंबरमध्ये त्याच जागी जाऊन शेंगाही आणल्या. आता फूल आणि शेंग मिळून एकच टाइप करावा असे वाटते. तसे केले तर नाव वैधच ठरत नाही, कारण टाइप एकाच वेळी, एकाच जागी गोळा केलेला असावा लागतो. फुलांची शीट टाइप म्हणून नेमायची आणि शेंगांची शीट सोबतचा पुरावा म्हणून नोंदवायची. वर्णन पूर्वी लॅटिनमध्येच द्यावे लागे, 2012 पासून इंग्रजीही चालते. गावाचे नाव द्यायचे तर त्याचे लिंग प्रजातीच्या लिंगाशी जुळले पाहिजे: प्रजाती स्त्रीलिंगी असेल तर सोलापुरेन्सिस, नपुंसकलिंगी असेल तर सोलापुरेन्स.

आता बाभळीकडे येऊ. टाइप फक्त जातीला नसतो, प्रजातीलाही असतो, आणि प्रजातीचा टाइप ही तिच्यातली एक जाती असते. अकेशियाचा टाइप आपली बाभूळ होती. ते योग्यही होते, कारण अकाकिया हे ग्रीकांनी इजिप्तच्या याच काटेरी झाडाला दिलेले नाव. पुढे अभ्यासातून दिसले की अकेशिया हा एकजिनसी गट नाही, तो फोडावा लागणार. नियम असा की गट फुटला की जुने नाव टाइप ज्या तुकड्यात आहे त्याच्याकडे राहते. म्हणजे ते बाभूळ, हिवर यांच्याकडे राहणार होते. पण ऑस्ट्रेलियात साडेनऊशेच्या आसपास जाती होत्या आणि त्या सगळ्यांना नवे आडनाव लागले असते.

तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी टाइपच बदलून ऑस्ट्रेलियातली जाती नेमण्याचा प्रस्ताव मांडला. संबंधित समितीने त्याला संमती दिली. 2005 मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जवळपास 55 टक्के मते प्रस्तावाच्या विरोधात पडली, पण समितीची शिफारस उलटवायला 60 टक्के लागत होती. प्रस्ताव टिकला, आणि 2011 मध्ये मेलबर्नच्या परिषदेत तो कायम झाला. नावे कमी बदलावीत हा हेतू मला पटतो, पण बहुमत विरोधात असताना असा निर्णय लागावा हे आजही खटकते.

अकेशिया गेले, तेव्हा बाभळीच्या गटासाठी उपलब्ध असलेले सर्वात जुने नाव शोधले गेले. ते होते व्हॅचेलिया, वाइट आणि अर्नॉट यांनी 1834 साली भारतीय द्वीपकल्पाच्या वनस्पतींवर लिहिताना दिलेले. हिवरही तिथेच गेला, खैर मात्र सेनेगालियात. व्हॅचेलिया निलोटिका ही जोडी 2008 मध्ये प्रसिद्ध झाली.

हर्बेरियममध्ये जुने लेबल फाडत नाहीत. बाभळीच्या शीटवर नवी चिठ्ठी चिकटवतात, तिच्यावर नवे नाव, ओळख पटवणाऱ्याची सही आणि तारीख असते. शेजारच्या पिवळ्या पडलेल्या लेबलावर अकेशिया निलोटिका अजून वाचता येते.