रवी आत्म्याचा कारक आहे, पण तुमचा आत्मकारक रवीच असेल असं नाही

गेली कित्येक वर्षं एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकतो आहे. "रवी आत्मकारक असतो ना? मग माझ्या पत्रिकेत आत्मकारक शनी कसा?" प्रश्न चुकीचा नाही. त्याला मिळणारी उत्तरं चुकीची असतात. कुणी सांगतं, रवी कमजोर आहे म्हणून शनीने त्याची जागा घेतली. कुणी दोन्ही एकत्र कालवून "रवी आणि शनी मिळून तुमचा आत्मा" असं काहीतरी सांगून मोकळं होतं. या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत, दोघींचं काम वेगळं आहे, आणि हे एकदा नीट पाहिलं की गोंधळ उरत नाही.

पहिली व्यवस्था सगळ्यांना पाठ असते, म्हणून तिच्यावर फार वेळ घालवत नाही. रवी आत्मा, चंद्र मन, मंगळ सत्त्व, बुध वाणी, गुरू ज्ञान आणि सुख, शनी दुःख. वराहमिहिरांच्या बृहज्जातकात हेच आहे. ही नैसर्गिक कारकत्वं. ती जगातल्या प्रत्येक पत्रिकेत सारखीच असतात. रवी नीचेचा असो वा उच्चेचा, आत्म्याचा विचार करायचा म्हटलं की त्याच्याकडे बघायचं. त्याची स्थिती बदलते, कारकत्व बदलत नाही. (जैमिनी पद्धतीत स्थिर कारक म्हणून आणखी एक प्रकार आहे. तो मुख्यतः आईवडील, भावंडं वगैरे नातेवाइकांच्या आयुष्याचा विचार करताना वापरतात. नैसर्गिक कारकांना "स्थिर" म्हणण्याची सवय सोडलेली बरी.)

दुसरी व्यवस्था जैमिनींची, चर कारकांची. इथे कारकपद प्रत्येक पत्रिकेत नव्याने ठरतं. ग्रह कोणत्या राशीत आहे हे बाजूला ठेवायचं आणि त्या राशीत तो किती अंश, किती कला पुढे गेला आहे एवढंच बघायचं. सर्वांत जास्त अंशांचा ग्रह आत्मकारक. त्यानंतर उतरत्या क्रमाने अमात्य, भ्रातृ, मातृ, पुत्र, ज्ञाती आणि शेवटी दाराकारक. बल, दृष्टी, उच्च-नीच यांतलं काहीही इथे येत नाही. त्यामुळे "रवी कमजोर म्हणून शनी" हे उत्तर मुळातच निराधार ठरतं.

एक कल्पित पत्रिका घेऊ. कन्या लग्न. रवी वृषभेत १२ अंश ०८ कला, बुध वृषभेतच २४ अंश ३६ कला, चंद्र मिथुनेत २१ अंश १५ कला, शुक्र मेषेत १९ अंश ४० कला, गुरू वृश्चिकेत १६ अंश ०२ कला, मंगळ सिंहेत ६ अंश २७ कला आणि शनी कुंभेत २८ अंश ११ कला. शनी सर्वांत पुढे, म्हणून तो आत्मकारक. बुध अमात्यकारक. मंगळ सर्वांत मागे, म्हणून दाराकारक. आणि रवी? क्रमाने सहावा, म्हणजे ज्ञातीकारक. ज्ञातीकारकावरून भाऊबंदकी, स्पर्धा, शत्रू आणि आजार बघतात. निसर्गतः आत्म्याचा कारक असलेला ग्रह या व्यक्तीच्या बाबतीत संघर्षाचं पद सांभाळतो आहे. यात विरोध काही नाही. रवीवरून या माणसाचं तेज, स्वत्व, प्रकृती आणि वडील बघायचेच. फक्त "हा जीव कशात अडकला आहे आणि कशातून सुटणार आहे" हा प्रश्न रवीला विचारायचा नाही.

खरा फरक इथेच आहे. आत्मकारक कोण हे सांगितल्यावर जैमिनी लगेच पुढच्या सूत्रात म्हणतात, "स ईष्टे बन्धमोक्षयोः". बंधनावर आणि मुक्तीवर त्याची सत्ता चालते. तो ग्रह म्हणजेच आत्मा, असं सूत्र म्हणत नाही. बांधणारा तोच आणि सोडणाराही तोच, असं म्हणतं. आज आपण ज्याला "आत्म्याचा धडा" म्हणतो, त्याचं मूळ या सूत्रात आहे. नैसर्गिक कारक हा विषय सांगतो. चर आत्मकारक त्या पत्रिकेतला अधिकारी सांगतो, आणि अधिकारी कसा वागेल हे त्याच्या स्वभावावर ठरतं. म्हणून शनी आत्मकारक झाला तरी तो दुःखाचा, श्रमाचा, विलंबाचा, सेवेचा आणि दुर्बलांचा ग्रहच राहतो. त्याची नैसर्गिक कारकत्वं पुसली जात नाहीत, उलट तीच धड्याचा मजकूर होतात. शनी बांधतो तेव्हा कर्तव्याच्या ओझ्याने, भीतीने आणि कष्टाच्या कडवटपणाने बांधतो. सोडतो तेव्हा तेच कष्ट तक्रार न करता केल्यामुळे आणि आपल्यापेक्षा दुर्बळ माणसाला दुःख न दिल्यामुळे सोडतो. रवी स्वतःच आत्मकारक झाला, तर विषय आणि अधिकारी एकच होतात. तिथे अहंकार, मान आणि सत्ता हाच धडा असतो.

पण एवढ्यावर थांबून "शनी आत्मकारक म्हणजे सहनशीलतेचा धडा, शुक्र म्हणजे प्रेमाचा" अशा याद्या वाटल्या जातात, त्या मला मुळीच पटत नाहीत. ग्रह सातच, म्हणजे साऱ्या माणसांना धडेही सातच. जैमिनींनी तसं केलेलं नाही. आत्मकारक सापडला की ते थेट त्याच्या नवमांशाकडे वळतात. आत्मकारक ज्या नवमांश राशीत असतो तो कारकांश, आणि जैमिनीसूत्रांच्या पहिल्या अध्यायाचा दुसरा पाद बव्हंशी त्याच्यावरच उभा आहे.

आपल्या पत्रिकेत शनी कुंभेत २८ अंश ११ कलांवर आहे. एक नवमांश ३ अंश २० कलांचा, म्हणजे २६ अंश ४० कलांनंतर नववा आणि शेवटचा नवमांश लागतो. कुंभेचे नवमांश तुळेपासून सुरू होतात, म्हणून नववा मिथुन. कारकांश मिथुन. मिथुन ही बुधाची रास. शनीचं ओझं इथे बोलणं, लिहिणं, हिशेब, करार आणि मध्यस्थी यांतून येतं. लग्नापासून शनी सहाव्या स्थानी आहे. त्यामुळे नोकरी, कर्ज, आजारपण, इतरांची सेवा ही ठिकाणं त्याला जोडून घ्यायची. असा माणूस दिलेल्या शब्दात अडकतो. दुसऱ्यांचे व्यवहार निस्तरतो, कागदावर सही करून वर्षानुवर्षं फेडत बसतो. सुटकाही तिथूनच होते. शब्द मोजून देणं, हिशेब स्वच्छ ठेवणं, हाताखालच्या माणसाचं देणं न थकवणं. हा शनीचाच धडा आहे. पण कारकांश कर्क असलेल्या शनीचा धडा असा दिसणार नाही. तो घर, आई आणि मनाच्या ओलाव्याभोवती फिरेल.

कारकांशापासून बारावी रास सुटकेची. इथे ती वृषभ आहे, आणि नवमांशात तिथे मंगळ बसला आहे (सिंहेचा दुसरा नवमांश वृषभच). बाराव्यातल्या मंगळावरून सूत्रांनी स्कंदाची भक्ती सांगितली आहे. म्हणजे या माणसाची उपासना मवाळ नसेल. तिच्यात शिस्त आणि धाडस लागेल. कारकांशापासून पाचव्या राशीत, तुळेत, राहू आहे, म्हणून या माणसाने उपासनेत आडवाटेच्या प्रयोगांपासून सावध राहावं असं मी सांगेन.

एक गोष्ट इथे स्पष्ट बोलायला हवी. मिथुन कारकांशाचं सूत्रातलं फळ खाज आणि स्थूलपणा असं आहे. मेषेला उंदीर-मांजरांचा त्रास सांगितला आहे, तुळेला व्यापार. म्हणजे सूत्रं अतिशय ठोस, दैनंदिन फळं सांगतात. वर मी केलेलं विवेचन ग्रह, राशी आणि स्थान जोडून केलेलं आहे. ते सूत्राचं भाषांतर नाही. जो कुणी ते "जैमिनी म्हणतात" म्हणून सांगेल, त्याला सूत्र दाखवायला सांगा.

आता राहू. सूत्रातच "सप्तानामष्टानां वा" असा विकल्प आहे, म्हणून सात की आठ हा वाद जुना आहे. राहू उलटा चालतो, त्यामुळे त्याचे अंश ३० मधून वजा करून घेतात. आपल्या पत्रिकेत राहू तुळेत ३ अंश ०५ कलांवर आहे, म्हणजे २६ अंश ५५ कला. आठ कारक घेतले तर तो अमात्यकारक होतो आणि बुध खाली सरकून भ्रातृकारक होतो. आत्मकारक शनीच राहतो. पण राहू १ अंशावर असता, तर तो २९ अंशांचा होऊन शनीच्या पुढे गेला असता. आधुनिक ज्योतिषांपैकी के. एन. राव सात कारक घेतात, संजय रथ आठ. मी सातच घेतो. बंधन आणि मुक्ती दोन्ही ज्याच्या हाती द्यायची, तो ग्रह राशीचा स्वामी म्हणून पत्रिकेत निर्विवाद उभा असावा असं मला वाटतं. तुम्ही आठ घ्या, हरकत नाही. पण एकाच पत्रिकेत आत्मकारक सातांतून आणि दाराकारक आठांतून असं करू नका. सॉफ्टवेअरमध्ये कोणता पर्याय निवडलेला आहे ते आधी बघा.

आत्मकारकाची चूक बहुतेक वेळा राशीच्या कडेवर होते. अयनांश बदलला की सगळे ग्रह सारखेच सरकतात, म्हणून क्रम तोच राहील असं वाटतं. तो राहतोच असं नाही. लाहिरी सोडून रामन अयनांश घेतला की ग्रह सुमारे दीड अंश पुढे जातात. आपला शनी २९ अंश ३८ कलांच्या आसपास येऊन कुंभेतच, त्याच नवमांशात राहतो. पण तो मुळात २९ अंशांवर असता, तर मीनेच्या पहिल्या अंशात पडला असता आणि आत्मकारकाचा थेट दाराकारक झाला असता. चंद्राच्या बाबतीत असाच धोका जन्मवेळेचा. तो तासाला साधारण अर्धा अंश चालतो, म्हणून त्याच्यात आणि दुसऱ्या ग्रहात दहा-पंधरा कलांचाच फरक असेल तर अर्ध्या तासाची चूक आत्मकारक बदलू शकते. अशा पत्रिकेत दोन्ही दावेदार कागदावर मांडावेत, दोघांचे कारकांश काढावेत आणि त्यांच्या दशांमध्ये प्रत्यक्ष काय घडलं ते विचारावं. ज्याच्या काळात तीच ती अडचण नाव बदलून परत आली असेल, तो आत्मकारक धरावा.