पाण्याचाच ठसका का लागतो?

घरात कुणाला ठसका लागला की आपण टाळूवर थोपटतो आणि म्हणतो, "वर बघ, वर बघ." लहानपणापासून हेच ऐकलंय. गिळण्याच्या तक्रारींवर उपचार करण्याच्या माझ्या कामात ही सवय मोडायलाच सगळ्यात जास्त वेळ जातो. मान वर केली की श्वासाची वाट अधिक उघडी पडते आणि ती झाकणं घशाला आणखी अवघड होतं. घशात अडकलेलं पाणी मग सरळ तिकडेच वळतं.

गेल्या हिवाळ्यात नाशिकरोडला एका घरी गेले होते. आजोबांचं वय ७६, आठ महिन्यांपूर्वी उजव्या बाजूला अर्धांगवायूचा झटका आलेला. हात सुधारला होता, काठी घेऊन चालतही होते. पण तीन महिन्यांत दोनदा ताप आला, आणि दोन्ही वेळा छातीच्या एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात डाग दिसला. सूनबाई म्हणाल्या, "ताई, भाकरी खातात व्यवस्थित. फक्त चहा-पाण्याला ठसका लागायचा. पंधरा दिवसांपासून तोही बंद झालाय. आता बरं आहे ना?"

ठसका बंद झालाय, हे ऐकूनच मला जास्त काळजी वाटली.

आपल्या घशात अन्नाची आणि श्वासाची वाट एकच असते, फाटा खाली फुटतो. पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका. घास जिभेने मागे ढकलला की पुढचं सगळं आपोआप घडतं. स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं (कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळलात तर हाताला कळेल), त्याच्यावर एक झाकणी आडवी पडते, स्वरतंतू एकमेकांना चिकटतात आणि श्वास क्षणभर थांबतो. त्याच वेळी अन्ननलिकेचं तोंड उघडतं आणि घास खाली जातो. हे सगळं साधारण एका सेकंदात उरकतं.

वय वाढलं की जिभेचे आणि घशाचे स्नायूही दंडाच्या स्नायूंसारखेच बारीक होतात आणि ही हालचाल थोडी उशिरा सुरू होते. अर्धांगवायू, पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंश असेल तर उशीर आणखी वाढतो. भाकरीचा चावलेला गोळा सावकाश सरकतो, त्यामुळे तो उशीर सांभाळून घेतो. पाणी थांबत नाही. जिभेवरून सुटलं की दार बंद होण्याआधीच ते फाट्यापाशी पोचलेलं असतं. म्हणून गिळण्याची तक्रार बऱ्याचदा घन पदार्थाने नाही, तर पाण्याने, चहाने आणि पातळ ताकाने सुरू होते.

ठसका म्हणजे शरीराची राखण. काहीतरी चुकीच्या वाटेला गेलं हे कळतं, म्हणून ते बाहेर फेकलं जातं. पण घशाची संवेदनाच मंदावली तर पाणी श्वासनलिकेत जातं आणि खोकलाही येत नाही. या आजोबांचं तेच झालं होतं. मी त्यांना दोन चमचे पाणी दिलं. ठसका आला नाही, चेहरा शांत होता. मग म्हटलं, "आजोबा, जरा 'आ' म्हणा." आवाज ओला होता, तोंडात पाणी धरून बोलावं तसा घरघरता. स्वरतंतूंवर पाणी साचलं की असा आवाज येतो. खोकला नसलेल्या माणसात घरच्यांना ऐकू येण्यासारखी हीच सगळ्यात स्पष्ट खूण आहे. जेवताना डोळ्यांत पाणी येणं, नाक वाहणं, सारखा घसा खाकरणं, एका बाजूच्या गालात घास साठून राहणं, पूर्वी वीस मिनिटांत होणारं जेवण तासभर चालणं, आणि कारण सापडत नसलेला ताप किंवा घटतं वजन, याही खुणा आहेत.

नेमकं काय होतंय हे बाहेरून ठरवता येत नाही. त्यासाठी बेरियम मिसळलेले पाणी, पेज आणि बिस्किट गिळताना एक्स-रेचा व्हिडिओ काढतात किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहतात. आजोबांच्या व्हिडिओत पाणी सरळ श्वासनलिकेत जाताना दिसलं, खोकल्याशिवाय. थोडं दाट पेय हनुवटी छातीकडे झुकवून घेतल्यावर नीट खाली गेलं. पुढचं सगळं त्या दोन गोष्टींवर बेतलं. हनुवटी झुकवण्याचा उपाय सगळ्यांना लागू पडत नाही, काहींना त्याने त्रास वाढतो. तपासणीत दिसल्याशिवाय तो कुणाला सांगू नये.

बसण्याची तऱ्हा आधी बदलली. आजोबा पलंगावर दोन उशांना टेकून, टीव्हीकडे मान वळवून जेवायचे. अशा बसण्यात घास जिभेने ढकलायच्या आधीच घसरत मागे जातो. आता हात असलेल्या खुर्चीत, पाठ सरळ, कमरेत काटकोन, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. भरवणाऱ्याने समोर त्यांच्याच उंचीवर बसायचं, कारण उभं राहून भरवलं की माणूस चमच्याकडे बघायला मान वर करतो. अर्धा चमचा घास, तो गिळल्याची खात्री, मग पुढचा. टीव्ही बंद. जेवणानंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर घशात उरलेलं नंतर खाली ओघळतं.

मग दाटपणा. "थोडं दाट करा" असं सांगून भागत नाही, कारण प्रत्येकाच्या हाताचं दाट वेगळं. यासाठी जगभर वापरली जाणारी एक सोपी चाचणी आहे. औषधाच्या दुकानातली सुई नसलेली १० मिलिलिटरची सिरिंज घ्यायची, ज्यावर शून्य ते दहाच्या खुणांमधलं अंतर सुमारे ६१.५ मिलिमीटर आहे अशी. दट्ट्या काढून टाकायचा, खालचं तोंड बोटाने बंद करून १० पर्यंत पेय भरायचं, बोट काढून दहा सेकंद वाहू द्यायचं आणि पुन्हा बंद करायचं. आत एकापेक्षा कमी मिलिलिटर उरलं तर ते पाण्यासारखं पातळ. एक ते चार उरलं तर किंचित दाट, चार ते आठ उरलं तर त्याच्या वरची पायरी. आजोबांना ही चार ते आठची पायरी हवी होती.

सूनबाईंनी तांदळाची पेज केली. पहिल्या खेपेला दहा सेकंदांत जवळजवळ सगळी गळून गेली, दुसऱ्या खेपेला सहा मिलिलिटर उरली. जमलं. पण अर्ध्या तासाने वाटीतली उरलेली पेज पुन्हा पातळ झाली होती. कारण लाळेत पिष्ट तोडणारं विकर असतं. तोंडातला चमचा परत वाटीत बुडवत राहिलं की त्या चमच्यावरची लाळच पेज पातळ करत जाते. नाचणीच्या आंबिलाचंही असंच होतं. उपाय साधा: लहान वाटीत थोडं थोडं काढायचं आणि उरलेलं भांड्यात वेगळं ठेवायचं. चहाला झँथन गमची पावडर वापरली, कारण लाळेने ती पातळ होत नाही. पावडर मिसळल्यावर दाटपणा यायला काही मिनिटं लागतात, म्हणून थांबून मगच सिरिंजने बघायचं.

दाट पेयांची दुसरी बाजूही सांगायला हवी. लोकांना ती आवडत नाहीत, म्हणून ते कमी पितात आणि शरीरातलं पाणी घटतं. फार दाट झालं तर ते घशात चिकटून राहतं. दाट पेयांमुळे न्यूमोनिया टळतोच, असा ठोस पुरावाही नाही. म्हणून शेजारच्या आजोबांना चाललं तेच आपल्या आजीला द्यायचं नाही, आणि लघवी गडद पिवळी होतेय का हे रोज पाहायचं. फुप्फुसात जाणाऱ्या थेंबाबरोबर तोंडातले जंतूही जातात, न्यूमोनिया बराचसा त्यांच्यामुळे होतो. दोन वेळा दात घासणं, जेवणानंतर तोंड पुसणं आणि कवळी रात्री काढून धुणं याने खरंच फरक पडतो.

घन पदार्थांत भाकरी सोडावी लागली नाही. ती कुस्करून घट्टसर पिठल्यात भिजवली. तुकडा ज्वारीच्या दाण्याएवढा, म्हणजे साधारण चार मिलिमीटरचा. चमचा तिरका केला की गोळा एकत्र पडावा आणि बाजूला पाणी सुटू नये. गुरगुट्या भात तूप घालून याच मापात बसतो. पातळ वरणातला मोकळा भात बसत नाही, कारण त्यात एकाच घासात पाणीही असतं आणि शितंही. पाणी पुढे पळतं, शितं मागे राहतात, आणि घशाला दोन्ही एकाच वेळी सांभाळावी लागतात. आपली मिसळ तर या बाबतीत सगळ्यात अवघड पदार्थ आहे. पातळ रस्सा, मटकी, कोरडी शेव आणि चिकट पाव, सगळं एका चमच्यात. आइस्क्रीम घट्ट दिसतं, पण तोंडात वितळून पाणीच होतं.

आता एक वेगळी वेळ, जिथे विचार करायला सवड नसते. माणूस जोरात खोकत असेल, बोलू शकत असेल तर त्याला पुढे वाकवून खोकू द्यायचं. पाणी पाजायचं नाही. पण खोकला अचानक बिनआवाजाचा झाला, बोलता येईना, हात गळ्याकडे गेला, ओठ निळसर झाले, तर वाट पूर्ण बंद झाली आहे. त्याला पुढे वाकवून दोन्ही खवाट्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार फटके मारायचे. सुटलं नाही तर मागे उभं राहून बेंबीच्या जरा वर मूठ ठेवायची, दुसऱ्या हाताने ती धरायची आणि आत-वर असे पाच झटके द्यायचे. वाट मोकळी होईपर्यंत हे आलटून पालटून चालू ठेवायचं. दुसऱ्या कुणीतरी लगेच १०८ ला फोन करायचा. दिसत नसलेल्या घासासाठी तोंडात बोट घालायचं नाही, तो आणखी आत जातो. शुद्ध हरपली तर जमिनीवर आडवं करून छाती दाबायला सुरुवात करायची. घास निघाला तरी पोटाला झटके दिले असतील तर डॉक्टरांना दाखवायचं.

फेब्रुवारीत आजोबांनी द्राक्षं मागितली. भावाची बाग निफाडला, पेटी घरी आलेली. अख्खं द्राक्ष गोल आणि गुळगुळीत, श्वासाच्या वाटेत घट्ट बसणारं, आणि चावलं की रस एकदम सुटतो, म्हणजे पुन्हा एका घासात दोन पदार्थ. आम्ही ती मिक्सरमधून काढली, साल गाळली आणि पावडर मिसळून पाच मिनिटं थांबलो. सिरिंजमध्ये पाच मिलिलिटर उरले. आजोबा खुर्चीत सरळ बसले, हनुवटी झुकवली. चार चमचे झाल्यावर मी म्हटलं, "'आ' म्हणा." आवाज कोरडा, स्वच्छ होता. त्यांनी वाटी सूनबाईंकडे पुढे केली.