विटलेले कपडे आणि फॉस्फेटबंदी : पार्श्वभूमी

साबणाच्या काळात जड पाण्याचा त्रास डोळ्यांना दिसायचा. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा चिकट साका होई, तो कापडात बसे आणि पांढरे कपडे मळकट पिवळे पडत. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरमागे 300 मिलिग्रॅम क्षार असलेलं 20 लिटर पाणी घेतलं, तर त्यातले 6 ग्रॅम क्षार सुमारे 36 ग्रॅम साबण फेस येण्याआधीच गिळतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम डिटर्जंट घरोघरी पोहोचले. त्यांची खरी ताकद फेसात नव्हती, सोबत घातलेल्या फॉस्फेटमध्ये होती. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि पाण्यातच विरघळलेलं राहू देतं, त्यामुळे कापडावर काही बसत नाही.

पुढे तळ्यांमध्ये शेवाळ माजलं आणि बोट शेवाळाचं खाद्य ठरणाऱ्या फॉस्फेटकडे गेलं. सांडपाणी आणि शेतातलं खत यांचाही त्यात मोठा वाटा होता, पण पावडरवर बंदी घालणं सोपं होतं. 1970च्या दशकापासून ठिकठिकाणी निर्बंध आले. युरोपीय संघात घरगुती कपड्यांच्या डिटर्जंटवर ते 2013 मध्ये लागू झाले. तळ्यांसाठी निर्णय योग्यच होता, मात्र त्याची किंमत कपड्यांनी मोजली याची चर्चा फारशी झाली नाही.

कारण अनेक स्वस्त पावडरींनी फॉस्फेटच्या जागी धुण्याचा सोडा वाढवला. सोडा कॅल्शियमला विरघळलेलं ठेवत नाही, त्याचा खडूसारखा साका करतो. वरच्याच 20 लिटरमध्ये सगळा साका झाला तर तो 6 ग्रॅम भरेल. त्यातला थोडाच धाग्यांत अडकतो, पण दर धुण्याला भर पडत जाते. टॉवेल खरखरीत होतो, काळा सुती शर्ट राखाडी दिसतो आणि ते कण धाग्यांवर घासून बारीक तंतू उभे करतात. झिओलाइट हा खनिजासारखा पदार्थ घातलेली पावडर यापेक्षा बरी, कारण ती कॅल्शियम आपल्याकडे ओढून घेते. पण मॅग्नेशियमच्या बाबतीत, त्यातही गार पाण्यात, ती मंद पडते.

इथेच लोक फसतात. शर्ट विटला समजून रंगाला दोष देतात आणि पावडर वाढवतात. पारख सोपी आहे. आतल्या शिवणीचा कोपरा एक भाग व्हिनेगर आणि पाच भाग पाण्यात अर्धा तास बुडवावा, स्वच्छ पाण्यात खळबळून वाळवावा. काळेपणा परतला तर तो साका होता. तसाच राहिला तर रंग खरंच गेला आहे, किंवा उभ्या तंतूंवर प्रकाश विखुरतोय; मग व्हिनेगरचा उपयोग नाही. क्लोरीनच्या ब्लीचसोबत व्हिनेगर कधीही घालू नये, विषारी वायू सुटतो.

साका निघाला, तरी त्याच पावडरीत आणि त्याच पाण्यात धुत राहिलं तर तो पुन्हा बसतोच. रंगीत कपड्यांसाठीचं द्रव डिटर्जंट सहसा या बाबतीत सुरक्षित, कारण त्यात सोडा नसतो आणि ब्लीचही नसतं.